कोरी जागा सोडलेला कागद

माझ्या भाचीला शाळेच्या इतिहास दिनाला भाषण करायचं होतं. विषय होता, ‘छपाईयंत्रामुळे सामान्य माणसाचं आयुष्य कसं बदललं’. तिने पहिला मसुदा मला पाठवला, तर दुसऱ्याच वाक्यात योहान गुटेनबर्ग, तिसऱ्यात त्याचं बायबल आणि चौथ्यात ‘त्यामुळे ज्ञानाची दारं सर्वांसाठी खुली झाली’. मी आयुष्यभर मुद्रितं तपासत आले. चुकीची वेलांटी जशी डोळ्यांत खुपते, तसं हे ‘सर्वांसाठी’ मला खुपलं. समासात मी एवढंच लिहिलं, ‘कुणासाठी? माणूस दाखव.’

लगेच तिचा फोन आला. “मावशी, सामान्य माणसं कुठून दाखवू? त्यांची नावं इतिहासात नसतात, म्हणूनच तर ती सामान्य!”

बोलायला ही मुलगी मला कधीच हार जात नाही. पण मी तिला म्हटलं, आधी ते बायबल बाजूला काढ. मग बघू माणसं सापडतात का.

गुटेनबर्गच्या बायबलाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. जर्मनीतल्या माइन्त्स गावी 1455 च्या सुमारास पुरं झालेलं ते काम आजही थक्क करतं. जवळपास तेराशे पानं, दर पानावर दोन रकाने आणि बहुतेक पानांवर रकान्यात 42 ओळी. प्रती छापल्या साधारण 180, त्यांतल्या काही कागदावर तर काही चर्मपत्रावर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर. पुढे पोप झालेल्या एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी याने मार्च 1455 मधल्या पत्रात या छपाईचं वर्णन केलं आहे. अक्षर इतकं स्वच्छ की चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि पुस्तक पुरं व्हायच्या आधीच सगळ्या प्रतींना गिऱ्हाईक मिळालं होतं, असं तो कळवतो. हे गिऱ्हाईक म्हणजे मठ, चर्च आणि पैसेवाले लोक. पुस्तक लॅटिन भाषेत. गावातला चांभार, दाई, गाडीवान यांच्या हाती ते पडण्याची सुतराम शक्यता नव्हती. पडलं असतं तरी त्यांनी त्याचं काय केलं असतं?

मग छापलेला मजकूर सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा कोणत्या रूपात आला? याचं उत्तर त्याच गावच्या छपाईत आहे आणि ते बायबलाच्याही थोडं आधीचं आहे. तो एक फॉर्म होता. एका बाजूने छापलेलं चर्मपत्र, 31 ओळींचा दाट मजकूर आणि मजकुरात मध्येच सोडलेल्या कोऱ्या जागा. त्या जागी हाताने नाव, गाव आणि तारीख भरायची. याला क्षमापत्र म्हणत.

त्यामागची हकिकत अशी. 1453 साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या ताब्यात गेलं. सायप्रसच्या राजाला तुर्कांशी लढायला पैसा हवा होता. पोप पाचवा निकोलस याने परवानगी दिली होती, की या कामासाठी जो दान देईल त्याला क्षमापत्र द्यावं. हे पत्र ज्याच्याकडे असेल त्याने आपल्या पसंतीचा धर्मगुरू निवडावा आणि आयुष्यात एकदा व मरणाच्या वेळी एकदा पापांची पूर्ण क्षमा मिळवावी. दोन्ही वेळी धर्मगुरूने म्हणायचे शब्दसुद्धा त्याच पत्रावर खाली छापलेले असत. राजाचा प्रतिनिधी पाउलिनुस चापे याच्या नावाने ही पत्रं निघाली. मात्र सवलतीला मुदत होती. 30 एप्रिल 1455 नंतर ती बंद.

मुदतीचा हा तपशील मी भाचीला दोनदा वाचून दाखवला, कारण छपाईची गरज कशातून पडली ते त्यात दिसतं. दान द्यायला माणूस पुढे आला की त्याच्या हातात तिथल्या तिथे पत्र पडायला हवं. मजकूर सगळ्यांना एकच, फरक फक्त नावाचा आणि तारखेचा. आणि दिवस मोजके.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. हिशेब आमचाच, समजण्यापुरता. 31 ओळींचं एक लॅटिन पत्र सुवाच्य लिहायला लेखनिकाला एक तास लागतो असं धरलं. दोन हजार पत्रं हवी असतील तर दोन हजार तास. दिवसाला आठ तास प्रमाणे एका लेखनिकाचे 250 दिवस. आठ लेखनिक बसवले तरी महिन्याच्या वर काम, आणि आठांच्या आठ तऱ्हेच्या चुका.

आता छापखान्यात काय होईल? जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा कामगार, खणांतून एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, उचलून उलट्या अक्षरात ओळी लावणार. एवढ्या दाट मजकुराला एखाद-दुसरा दिवस सहज जाईल. मग फर्मा, म्हणजे जुळवलेल्या ओळींची चौकट, कसायचा, एक छाप काढून चुका पाहायच्या आणि खिळे बदलायचे. इथवर एकही पत्र तयार नाही आणि लेखनिकाची तोवर पंधरा-वीस पत्रं लिहून झालेली! त्यानंतर यंत्रावर दोन माणसं उभी राहतात. एक जण लोकर किंवा केस भरलेल्या चामड्याच्या गोळ्यांनी फर्म्यावर शाई थोपटतो, दुसरा पत्र बसवून दांडा ओढतो. पुढच्या काळातल्या कसलेल्या जोड्या लाकडी हातयंत्रावर तासाला अडीचशेपर्यंत छाप काढत. गुटेनबर्गच्या माणसांचं काम नवं, म्हणून आम्ही तासाला शंभरच धरले. दोन हजार पत्रं वीस तासांत, म्हणजे जुळणी धरून आठवड्याच्या आत.

“म्हणजे पहिलं पत्र सगळ्यात महाग,” भाची म्हणाली, “आणि दोन हजारावं जवळजवळ फुकट.”

कातड्याची किंमत वगळली तर अगदी बरोबर. आणि एकदा हे लक्षात आलं, की बायबलाचं गणितही उलगडतं. बायबलाचं एक पान जुळवायचं, त्याचे फक्त 180 छाप काढायचे, फर्मा सोडवायचा, खिळे परत खणांत टाकायचे आणि पुढचं पान जुळवायला घ्यायचं. असं जवळपास तेराशे वेळा. दर पानाला जुळणीचा खर्च तेवढाच, आणि तो वाटला जाणार थोड्या छापांवर. त्यात शेवटचं पान छापून होईपर्यंत पहिलं पान विकता येत नाही. कागद, कातडं, शाई, मजुरी, सगळा पैसा दोन-तीन वर्षं अडकून पडलेला. गुटेनबर्गने योहान फुस्ट नावाच्या सावकाराकडून आधी 800 आणि मग आणखी 800 गुल्डन उचलले होते. 1455 साली फुस्टने व्याजासकट वसुलीचा दावा लावला आणि तो जिंकला. फुस्टच्या पुढच्या धंद्यात गुटेनबर्गकडे काम केलेला पेटर शेफर त्याचा भागीदार होता. क्षमापत्राचं मात्र तसं नव्हतं. आज छापा, उद्या पोचवा, पैसे घ्या.

मी ज्या छापखान्यात उमेदवारी केली, तोही पुस्तकांवर चालत नसे. पुस्तकं दर्शनी फळीवर मांडलेली असत आणि कामगारांचा पगार मात्र पावतीपुस्तकांतून निघे. मालक त्याला जॉबवर्क म्हणत आणि कवी मंडळी आली की ते टेबलाखाली सरकवत. त्यामुळे छपाईचा इतिहास ग्रंथांपासून सांगायला सुरुवात झाली, की मला ती टेबलाखालची पुस्तकंच आठवतात.

या क्षमापत्रांची एक गंमत मुद्रितशोधक म्हणून मला फार आवडते. दिवस आणि महिन्यासाठी जागा कोरी सोडली होती, पण साल छापलेलं होतं. वर्ष उलटलं तसं छापखान्याला साल बदलणं भाग पडलं. म्हणून 1454 छापलेली आणि 1455 छापलेली, अशी दोन्ही प्रकारची पत्रं आज मिळतात. फॉर्ममध्ये काय छापायचं आणि काय कोरं ठेवायचं, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा कुणाला तरी पडला असणार. हाताने लिहिणाऱ्याला तो पडायचं कारणच नव्हतं.

सर्वांत आधीची हाताने भरलेली तारीख आहे 22 ऑक्टोबर 1454, गाव एरफुर्ट. आणि भाचीला हवी होती ती नावंही याच कोऱ्या जागांमध्ये आहेत. ग्रंथकर्त्यांची नव्हेत, तर ज्यांनी काही नाणी मोजली आणि कागद घरी नेला त्यांची. बहुतेकांना त्यावरचं लॅटिन वाचता येत नसणार. तरी आपलं नाव कुठे आहे ते कुणाकडून तरी विचारून घेतलं असेल, असं मला वाटतं. मला वाटतं एवढंच, पुरावा मागू नका.

भाची जरा हिरमुसली. तिला ज्ञान हवं होतं आणि मी तिच्या हातात पावती ठेवली होती. “हे म्हणजे लोकांकडून पैसे काढायचं साधन झालं. यात आयुष्य काय बदललं?” हा प्रश्न तिने विचारायलाच हवा होता. याचं उत्तर साठेक वर्षांनी येतं.

क्षमापत्रांचा धंदा छपाईने फोफावला. 1498 च्या मे महिन्यात बार्सिलोनात योहान लुश्नर नावाच्या मुद्रकाने मोन्सेरातच्या मठासाठी अशी 18,000 पत्रं छापून दिली. हाताने लिहून एवढं काम कुणी अंगावर घेतलं नसतं. पत्रं इतकी स्वस्त आणि इतकी मुबलक झाली, की त्यांची मोहीम काढता येऊ लागली. प्रचारक गावोगाव फिरू लागले. 1517 मध्ये जर्मनीतल्या व्हिटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने ज्या विक्रीवर हल्ला चढवला, ती हीच.

या विक्रीविरुद्धची 95 कलमं ल्यूथरने चर्चच्या दारावर ठोकली असं सांगतात, आणि शाळेच्या पुस्तकात हमखास त्याचं चित्र असतं. दार, हातोडा, खिळा. पण ती कलमं लॅटिनमध्ये होती आणि विद्वानांनी वाद घालावा म्हणून लिहिली होती. सामान्य माणसापर्यंत पोचली ती ल्यूथरचीच 1518 ची एक छोटी जर्मन पुस्तिका, क्षमापत्रं आणि ईश्वरी कृपा या विषयावरचं प्रवचन. त्यात वीस छोटे मुद्दे आहेत आणि सगळं मिळून आठ पानं होतात.

आठच पानं का, हे भाचीला दाखवायला मी एक मोठा कागद घेतला. तो मधोमध दुमडला, पुन्हा एकदा आडवा दुमडला. चार पानोळ्या म्हणजे आठ पृष्ठं झाली. उलगडला की एका बाजूला चार पृष्ठं, दुसऱ्या बाजूला चार. म्हणजे फर्मे दोन, आणि कागदाला दोन्ही बाजूंनी एकेकदा यंत्रातून काढलं की पुस्तिका तयार. बांधणी नको. एका यंत्रावर एक फर्मा आज आणि दुसरा उद्या, असं करत दोन-तीन दिवसांत काही शे प्रती बाजारात. आम्ही त्या कागदावर पृष्ठांचे आकडे घातले. चार आकडे उलटे येतात हे पाहून ती पंधरा मिनिटं कागद उलगडत आणि दुमडत बसली होती. भाषणात ती तो कागद सगळ्यांसमोर दुमडणार, हे तिने तिथेच ठरवलं.

या पुस्तिकेच्या 1520 पर्यंत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि त्या वेगवेगळ्या शहरांत निघाल्या. एका मोठ्या छापखान्याने हजारो प्रती छापून गाड्यांतून देशभर धाडल्या, असं झालं नाही. एखाद्या प्रवाशाच्या झोळीतून एक प्रत दुसऱ्या शहरात जायची. तिथला मुद्रक ती पाहून जुळाऱ्यापुढे ठेवायचा आणि आठवड्याभरात त्या शहराची स्वतःची आवृत्ती तयार. परवानगी कुणाची घ्यायची नाही, मानधन कुणाला द्यायचं नाही. मुद्रकाला धर्माचा कळवळा असेलच असं नाही. एक कागद, दोन फर्मे, रोख विक्री, हेच त्याला पटत होतं. ज्या हिशेबाने क्षमापत्रं छापली गेली, त्याच हिशेबाने त्यांच्याविरुद्धची पुस्तिका छापली गेली. काही छापखान्यांनी दोन्ही कामं घेतली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

पण वाचणार कोण? बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पुस्तिका एकाने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. खानावळीत, कारखान्यात, घरात. छोटे मुद्दे, छोटी वाक्यं, एका बैठकीत ऐकून होईल एवढीच लांबी. मला यातला बदल इथे दिसतो. क्षमापत्र विकत घेणाऱ्या माणसाला कागदावर काय लिहिलंय ते वरून सांगितलं जात होतं. पुस्तिका ऐकणारा माणूस शेजाऱ्याला विचारू शकत होता, “तुझ्याकडे ते पत्र आहे ना? मग याचं म्हणणं तुला काय वाटतं?” दोन छापील कागद समोरासमोर आले आणि त्यांत कुणाचं खरं ते ठरवायची वेळ ज्याला अक्षर येत नव्हतं त्याच्यावरही आली.

भाचीने लगेच वहीत लिहिलं, ‘छपाईमुळे सत्याचा विजय झाला.’ मी ते खोडायला लावलं. 1486 च्या सुमारास याच जर्मन मुलखात चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर खटले कसे चालवावेत, याचा ग्रंथही छापून निघाला आणि पुन्हा पुन्हा छापला गेला. यंत्राला खरंखोटं कळत नाही. फर्म्यात जे असेल त्याचे छाप निघतात.

तिला शाळकरी मुलांचं काहीतरी हवं होतं, श्रोते तेच असणार होते म्हणून. तर माइन्त्सच्या त्या पहिल्या छपाईत दोनातुस याचं लॅटिन व्याकरणही होतं, अवघ्या अठ्ठावीस पानांचं. शाळेतल्या पोरांसाठी ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं, तेही बरेचदा चर्मपत्रावर, कारण कागद पोरांच्या हाती टिकला नसता. तरी एकही प्रत अखंड उरलेली नाही. मिळतात ते तुकडे, आणि ते दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत सापडतात. पोरांनी वापरून चिंध्या केल्या, मग बायंडरने पट्ट्या कापून पुठ्ठ्याला मजबुतीसाठी लावल्या. बायबलाच्या प्रती आज 49 उरल्या आहेत, कारण त्यांना फारसं कुणी हाताळलंच नाही. हे वाक्य भाचीचं. मला जरा अतिशयोक्तीचं वाटलं, पण मी ते राहू दिलं.

शेवटचा भाग आम्ही इंग्लंडचा घेतला. तिथे सतराव्या शतकात कोऱ्या जागेची गोष्ट उलटी फिरते. 1660 च्या दशकात तिथे दरवर्षी सुमारे चार लाख पंचांगवजा पुस्तिका खपत. महिने, चंद्राच्या कला, जत्रांच्या तारखा, रस्त्यांची अंतरं, हवामानाची भाकितं, उपचार म्हणून अंगातलं रक्त कधी काढावं याचे सल्ले. भाकितं चुकत आणि लोक पुढच्या वर्षी पुन्हा विकत घेत. यांतल्या काही पुस्तिका मुद्दाम मध्ये कोरी पानं घालून विकल्या जात. छापील महिन्यासमोर कोरं पान, त्यावर मालकाने काय हवं ते लिहावं. गाय कधी व्याली, कुणाला किती उसने दिले, पाऊस कधी पडला. 1454 च्या पत्रात कोऱ्या जागेत दुसरंच कुणीतरी तुमचं नाव लिहीत होतं. इथे तुम्ही स्वतः लिहायचं.

भाषण झालं. कागद दुमडायचा खेळ जमला, वेळेच्या गडबडीत दोनातुस गळाला. नंतर परीक्षकांपैकी एका बाईंनी तिला विचारलं, “लोक वाचत होते हे तुला कशावरून कळलं? त्या काळात तर निम्म्याहून जास्त लोक सहीच्या जागी फुली मारत.”

यासाठी तिची तयारी होती. त्या काळी इंग्लंडमध्ये वाचन आणि लेखन एकत्र शिकवत नसत. आधी वाचायला शिकायचं, साधारण सहा-सात वर्षांचं असताना. लेखणी हातात यायची त्यानंतर, वर्ष-दोन वर्षांनी. गरिबाचं पोर तेवढ्यात कमाईला लागायचं, म्हणजे वाचता येतं पण लिहिता येत नाही अशा अवस्थेत शाळा सुटायची. मुलींच्या बाबतीत तर हे सर्रास. इतिहासकार साक्षरता मोजतात ती बहुधा कागदपत्रांवरच्या सह्यांवरून, आणि ही माणसं त्या मोजणीत निरक्षर ठरतात. तेव्हा फुली मारणारी बाई घरी जाऊन पंचांगातली जत्रेची तारीख बघत नसेल असं फुलीवरून म्हणता येत नाही, असं तिने सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, “आणि बघत असेल असंही म्हणता येत नाही.” भाची म्हणाली, “नाही. पण चार लाख प्रती कुणीतरी घेत होतं.”